लूप एकाने कुठे चुकते

प्रोग्रामिंगमधली ‘ऑफ-बाय-वन’ चूक म्हणजे मोजणीत नेमका एकाचा फरक. लूप दहा वेळा फिरायला हवी तिथे अकरा वेळा फिरते, नाहीतर नऊवरच थांबते. यादीचा तुकडा कापताना शेवटचा घटक सुटतो किंवा नको असलेला एक सोबत येतो. बाकी सगळे बरोबर असते, म्हणून ही चूक वरवर वाचून दिसत नाही आणि उत्तरही बहुतेक वेळा पटण्यासारखे येते.

तिचे मूळ संगणकात नसून मोजणीतच आहे. ३० मीटर लांबीचे सरळ कुंपण घालायचे आहे आणि दर ३ मीटरवर खांब रोवायचा आहे. तीस भागिले तीन म्हणजे दहा, म्हणून दहाच खांब आणले तर शेवटच्या टोकाला खांब उरत नाही. दहा आहेत ते दोन खांबांमधले गाळे. खांब अकरा लागतात. लूपच्या मर्यादा लिहिताना प्रोग्रामरपुढे हाच प्रश्न असतो: आपण खांब मोजतो आहोत की गाळे? इंग्रजीत या चुकीला कुंपणाच्या खांबावरूनच नाव पडले आहे.

‘२ ते ५’ असे म्हटले की त्याचे चार अर्थ होऊ शकतात. दोन्ही टोके धरली तर २, ३, ४, ५ असे चार आकडे होतात. पहिले धरून शेवटचे सोडले तर २, ३, ४ असे तीन. पहिले सोडून शेवटचे धरले तरी तीनच, पण वेगळे: ३, ४, ५. दोन्ही सोडली तर फक्त ३ आणि ४. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात या चारही पद्धती समोर ठेवून दुसरी निवडली: पहिला आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा. या पद्धतीत दोन टोकांची वजाबाकी केली की घटकांची संख्या थेट मिळते. एक तुकडा जिथे संपतो त्याच आकड्यावर पुढचा सुरू होतो. आणि रिकामा तुकडा ‘२ ते २’ असा सहज लिहिता येतो, त्यासाठी ‘२ ते १’ असे विचित्र काही लिहावे लागत नाही. मेसा या भाषेत चारही पद्धतींसाठी वेगवेगळी चिन्हे होती आणि बाकीच्या तीन पद्धतींनी तिथे सतत चुका घडवल्या, असा अनुभव त्यांनी त्याच टिपणात नोंदवला आहे.

सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट या भाषांत अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून होते आणि तुकडे साधारणपणे शेवट सोडून कापले जातात. आर, मॅटलॅब, जुलिया आणि लुआ एकापासून मोजतात आणि दोन्ही टोके धरतात. दोन्ही पद्धती आपापल्या घरात सुसंगत आहेत. घोळ होतो तो एकीची सवय दुसरीत नेल्यावर, किंवा एकाच भाषेत दोन्ही सवयी शेजारी शेजारी आल्यावर. रुबीत `0..5` मध्ये पाच धरला जातो आणि `0...5` मध्ये सोडला जातो. रस्टमध्ये मात्र `0..5` म्हणजे पाच सोडून. पाच धरायचा असेल तर `0..=5` लिहावे लागते. दोन टिंबांचा अर्थ एका भाषेतून दुसरीत जाताना उलटा होतो. जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या वळणाच्या व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोंमध्ये, `Dim a(10)` लिहिले की दहा नव्हे, अकरा जागा मिळतात, कारण कंसातला आकडा ही संख्या नसून शेवटचा क्रमांक असतो आणि सुरुवात शून्यापासून होते.

अक्षरमालेचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनांत ही विविधता सर्वात जास्त जाणवते. `PANDHARPUR` ही दहा अक्षरांची माला घेऊ आणि प्रत्येक भाषेला तेच दोन आकडे देऊ, २ आणि ५. जावामध्ये `substring(2, 5)` दिल्यावर `NDH` मिळते: शून्यापासून मोजणी, पाचवा क्रमांक सोडला. जावास्क्रिप्टच्या `slice(2, 5)` चे उत्तरही तेच. पण त्याच जावास्क्रिप्टमधल्या जुन्या `substr(2, 5)` चे उत्तर `NDHAR` येते, कारण तिथे दुसरा आकडा म्हणजे शेवट नसून लांबी आहे. सी++ मधले `substr` सुद्धा लांबीच मागते. लुआत `string.sub(s, 2, 5)` चे उत्तर `ANDH` येते: एकापासून मोजणी, दोन्ही टोके धरून. आणि बहुतेक डेटाबेसांत `SUBSTRING(s, 2, 5)` चे उत्तर `ANDHA` येते: एकापासून मोजणी, पाच ही लांबी. आकडे तेच, उत्तरे चार. म्हणून अनोळखी फंक्शन वापरताना दुसरा आकडा शेवट आहे की लांबी, आणि शेवट असेल तर तो धरला आहे की सोडला, हे कागदपत्रांत पाहण्यापेक्षाही एक ओळ चालवून पाहणे भरवशाचे ठरते. चाचणीसाठी सुरुवात शून्य किंवा एक मात्र घेऊ नये. सुरुवात शून्य असली की ‘शेवट सोडून’ आणि ‘लांबी’ यांची उत्तरे सारखीच येतात आणि फरक झाकला जातो.

लूपमधली सर्वात परिचित चूक अशी दिसते:

```c
int a[5];
for (int i = 0; i <= 5; i++)
    a[i] = 0;
```

पाच जागांचे क्रमांक ० ते ४ आहेत, पण `<=` मुळे `i` पाचपर्यंत जातो आणि लूप सहा वेळा फिरते. इथे भाषेप्रमाणे परिणाम बदलतो. जावा जागच्या जागी थांबते आणि ‘Index 5 out of bounds for length 5’ असे स्पष्ट सांगते. या संदेशातले दोन्ही आकडे सारखे दिसले की एकाचीच चूक आहे हे जवळपास नक्की समजावे. पायथन, गो आणि रस्टही अशा वेळी तक्रार करतात. जावास्क्रिप्टमध्ये नसलेली जागा वाचली तर `undefined` मिळते, कार्यक्रम पुढे चालत राहतो आणि कुठेतरी दूरच्या बेरजेत `NaN` उगवते. सी भाषा काहीच तपासत नाही. अ‍ॅरेच्या पुढे स्मृतीत जे काही असेल त्यावर शून्य लिहिले जाते; ते दुसरे एखादे चलही असू शकते. कार्यक्रम कधी कोसळतो, कधी चुकीचे उत्तर देतो, कधी वर्षानुवर्षे नीट चालल्यासारखा वाटतो. त्यामुळे सीमध्ये लांबीच्या शेजारी `<=` दिसले की तिथे थांबून पाहावे. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांना `-fsanitize=address` हा पर्याय दिला तर असे सीमोल्लंघन ते चालू असतानाच पकडतात, मात्र चाचणीत ती ओळ खरोखर त्या टोकापर्यंत गेली पाहिजे.

तक्रार करणारी भाषा असली की काम झाले, असे मात्र नाही. पायथनमध्ये एकच घटक मागितला तर सीमा तपासली जाते, पण तुकडा मागितला तर नाही. पाच घटकांच्या यादीत `a[3:6]` मागितले तर पायथन उरलेले दोन घटक मुकाट्याने देते. ही सोय कामाची असली तरी एकाची चूक लपायला याहून चांगली जागा नाही.

उदाहरणादाखल पावसाच्या नोंदी घेऊ. पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये १२, ०, ३०, ६ आणि २४ असा आहे आणि सलग तीन दिवसांची सरकती सरासरी काढायची आहे. हाताने केले तर पहिल्या तीन दिवसांची बेरीज ४२, सरासरी १४. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची बेरीज ३६, सरासरी १२. तिसऱ्या ते पाचव्याची बेरीज ६०, सरासरी २०. म्हणजे उत्तरे तीन: १४, १२, २०.

```python
x = [12, 0, 30, 6, 24]
k = 3
n = len(x)
for i in range(n - k):
    print(sum(x[i:i+k]) / k)
```

हा कार्यक्रम विनातक्रार चालतो आणि १४ व १२ छापतो. `n - k` म्हणजे दोन, म्हणून `i` ने ० आणि १ एवढेच घेतले. तिसरी सरासरी हरवली, आणि नेमकी तीच सर्वात मोठी होती. लिहिणाऱ्याच्या मनात ‘तीन दिवसांचा तुकडा मावला पाहिजे म्हणून शेवटून तीन कमी’ असा विचार असतो. पण शेवटच्या तुकड्याची सुरुवात `n - k` या क्रमांकावर होते. `range` शेवट सोडते, म्हणून तो क्रमांक आत घ्यायचा तर `range(n - k + 1)` लिहावे लागते. कुंपणाचा अकरावा खांब इथे `+ 1` च्या रूपाने येतो.

उलट बाजूची चूकही तितकीच शांत असते. कोणी `range(n)` लिहिले तर `i` ४ पर्यंत जातो. `x[3:6]` मध्ये दोनच दिवस मिळतात, `x[4:7]` मध्ये एकच. दोन्ही बेरजांना तीनने भागल्यावर १० आणि ८ अशी आणखी दोन उत्तरे येतात. आलेखावर पाहिले तर शेवटी पाऊस ओसरत गेला असे वाटेल. तो पावसाचा नव्हे, कापणीचा परिणाम आहे. आणि तीनने भागण्याऐवजी तुकड्याच्या प्रत्यक्ष लांबीने भागले असते तर शेवटचा आकडा २४ आला असता. म्हणजे एका दिवसाचा पाऊस तीन दिवसांची सरासरी म्हणून सर्वात वर जाऊन बसला असता. मालिकेच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी आकड्यांचे वळण बदललेले दिसले, तर आधी लूपची मर्यादा तपासावी.

अशी लूप वाचताना तिला तीन प्रश्न विचारावेत: `i` ची पहिली किंमत कोणती, शेवटची कोणती, आणि फेऱ्या किती? मग या पहिल्या आणि शेवटच्या किमती कंसातल्या प्रत्येक इंडेक्समध्ये घालून पाहाव्यात. वरच्या बरोबर लूपमध्ये शेवटचा `i` दोन आहे, म्हणून तुकडा `x[2:5]`. पाच ही यादीची लांबी आहे आणि तुकडा शेवट सोडतो, तेव्हा शेवटचा घटक आत आला आणि बाहेरचे काही आले नाही. चुकीच्या लूपमध्ये शेवटचा तुकडा `x[1:4]` होता. क्रमांक ४ ला कुठेच हात लागत नाही, हे लगेच दिसते. मधल्या किमती तपासण्यात वेळ घालवू नये, तिथे ही चूक राहत नाही.

त्यानंतर लहान यादीवर चालवून पाहावे, आणि लहान म्हणजे सीमेवरची. तीन दिवसांची सरासरी आणि नोंदीही तीनच असतील तर उत्तर एक यायला हवे. `range(n - k)` इथे एकही उत्तर देत नाही, आणि चूक उघडी पडते. नोंदी दोनच असतील तर एकही उत्तर यायला नको. `range(n)` मात्र दोन छापते. शंभर दिवसांच्या नोंदींवर ९८ ऐवजी ९७ उत्तरे आली तर कोणी मोजत बसत नाही. एकाऐवजी शून्य आले तर डोळ्यांवर येते. रिकामी यादी, एका घटकाची यादी, आणि तुकड्याएवढीच यादी, या तीन चाचण्या बहुतेक एकाच्या चुका पकडतात.

हेच गणित आर भाषेत नेले की वेगळे सापळे भेटतात. तिथे मोजणी एकापासून आणि दोन्ही टोके धरून, म्हणून तुकडा `i` पासून `i+k-1` पर्यंत. पण तो असा लिहिला तर?

```r
for (i in 1:(n-k+1))
    print(mean(x[i:i+k-1]))
```

आरमध्ये `:` हे चिन्ह बेरीज-वजाबाकीच्या आधी सोडवले जाते. त्यामुळे `i:i+k-1` चा अर्थ आधी `i:i`, म्हणजे एकटा `i`, आणि मग त्यात `k-1` मिळवायचे, असा होतो. तीन दिवसांऐवजी एकच दिवस हाती येतो आणि छापले जाते ३०, ६, २४. उत्तरांची संख्या बरोबर तीन आहे, पण सरासऱ्या नसून ते मूळचेच आकडे आहेत. उपाय म्हणजे कंस: `x[i:(i+k-1)]`. दुसरा सापळा लूपच्या ओळीत आहे. नोंदी दोनच असतील तर `n-k+1` शून्य होते आणि `1:0` रिकामे न राहता उलटे मोजते: १, ०. लूप दोनदा फिरते. म्हणून आर वापरणारे अनुभवी लोक `1:length(x)` टाळून `seq_along(x)` लिहितात, जे रिकाम्या यादीवर खरोखर शून्य वेळा फिरते, किंवा संख्या हाती असेल तर `seq_len` वापरतात. रिकामा तुकडा सहज लिहिता न येण्याबद्दलची डाइक्स्ट्रा यांची हरकत इथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

उलट्या दिशेने मोजताना शून्याच्या कडेला आणखी एक खोच असते. सीमध्ये शेवटापासून सुरुवातीकडे येणारी लूप अशी लिहिली जाते:

```c
for (size_t i = n - 1; i >= 0; i--)
```

`size_t` हा प्रकार ऋण होऊच शकत नाही. शून्यातून एक वजा केला की तो आपल्या सर्वात मोठ्या संख्येवर जातो, `i >= 0` ही अट कायम खरी राहते आणि लूप थांबत नाही. बरोबर रूप `for (size_t i = n; i-- > 0; )` असे आहे. त्यात तपासणी आधी आणि वजाबाकी नंतर होते, आणि `n` शून्य असला तरी धोका नाही. पायथनमध्ये ऋण क्रमांकांना स्वतःचा अर्थ आहे: `a[-1]` म्हणजे शेवटचा घटक. त्यामुळे चुकून शून्याच्या खाली गेलेला इंडेक्स तक्रार न करता यादीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. शेवटचे `m` घटक घेण्यासाठी `a[-m:]` लिहितात. `m` शून्य झाला की ऋण शून्य म्हणजे शून्यच, म्हणून `a[0:]`, आणि एकही घटक नको असताना सगळी यादी मिळते. तिथे `a[len(a)-m:]` लिहिणे सुरक्षित असते, अर्थात `m` यादीच्या लांबीहून मोठा नसेल तर.

सीमधल्या अक्षरमाला हा या चुकीचा सर्वात महागडा प्रांत आहे. तिथे प्रत्येक मालेच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट असतो आणि माला संपली हे त्यावरूनच कळते. `strlen` लांबी सांगताना तो बाइट मोजत नाही, पण जागा मात्र त्यालाही लागते. म्हणून प्रत मागताना `malloc(strlen(s))` नव्हे, तर `malloc(strlen(s) + 1)` लागते.

लिनक्स आणि युनिक्सवर वापरकर्त्याला मर्यादित प्रशासकीय अधिकार देणाऱ्या `sudo` या कार्यक्रमात अशी एक चूक २०११ पासून होती. ती क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये उघड केली आणि तिला CVE-2021-3156 हा क्रमांक मिळाला. चुकीचा गाभा या लूपमध्ये होता:

```c
while (*from) {
    if (from[0] == '\\' && !isspace((unsigned char)from[1]))
        from++;
    *to++ = *from++;
}
```

लूप एकेक अक्षर उतरवते आणि वाटेत बॅकस्लॅश आला तर तो वगळून पुढचे अक्षर घेते. आता माला बॅकस्लॅशवरच संपते असे धरू. `from[0]` बॅकस्लॅश आहे, `from[1]` हा मालेचा शेवट दाखवणारा शून्य बाइट आहे. तो रिकामी जागा नसल्याने अट खरी ठरते आणि `from` त्या शून्यावर येतो. पुढची ओळ तो शून्य उतरवते आणि `from` ला आणखी एक पाऊल पुढे नेते. लूपची तपासणी होते तेव्हा माला संपल्याची खूण मागे पडलेली असते. `*from` आता स्मृतीतल्या पुढच्या मजकुराकडे बोट दाखवत असते आणि तोही उतरवला जातो. जागा मात्र आधीच मोजून घेतलेली असते, `strlen` अधिक एक याप्रमाणे, म्हणून लिखाण तिच्या बाहेर सांडते. हे सांडणे नीट आखले तर साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येत होते.

लिहिणाऱ्यांनी हा धोका पत्करला होता असे नाही. नेहमीच्या वाटेने येणाऱ्या मजकुरातल्या बॅकस्लॅशपुढे आधीच आणखी एक बॅकस्लॅश घातला जाई, त्यामुळे एकटा बॅकस्लॅश शेवटी उरणे शक्यच नव्हते. `sudoedit -s` ही वाट मात्र ती तयारी टाळून थेट या लूपपर्यंत पोचत होती. आवृत्ती 1.9.5p2 मध्ये ती वाट बंद करण्यात आली आणि लूपच्या अटीत `from[1] != '\0'` ही तपासणीही घातली गेली, म्हणजे एक पाऊल पुढे टाकण्याआधी पुढे माला शिल्लक आहे का, हे आता पाहिले जाते.